ऑडिटमुळे पेमेंट लांबतंय, व्हेंडरला तारीख कशी कळवायची?

वाचकाचं पत्र

मी चाकणच्या एका कंपनीत अकाउंट्समध्ये आहे. इंटर्नल ऑडिट सुरू झालंय आणि मशीनिंगच्या सगळ्या व्हेंडरांचं पेमेंट होल्डवर आहे. भोसरीचे एक व्हेंडर आम्हाला बुश आणि पिन देतात. त्यांची तीन बिलं आहेत, एकूण ४,९६,७८०. पीओमध्ये ३० दिवसांचं क्रेडिट आहे आणि पहिलं बिल ८ मार्चला ड्यू होतंय. रोज फोन येतो. साहेब म्हणतात, “ऑडिट आहे म्हणून मेल टाक आणि पक्की तारीख दे.” पण ऑडिटर काही तारीख सांगत नाहीत. मेल कसा लिहू, आणि तारीख कुठून आणू?
— अकाउंट्स असिस्टंट, चाकण

उत्तर

तारीख ऑडिटरकडे मागू नका, ती त्यांच्याकडे नसतेच. इंटर्नल ऑडिटर तपासतो, शेरा देतो आणि अहवाल मॅनेजमेंटच्या हाती ठेवतो. पेमेंट थांबवायचा किंवा सोडायचा अधिकार त्याचा नाही. होल्ड लावला असेल तो तुमच्या सीएफओंनी किंवा फायनान्स हेडनी, त्यामुळे तो काढण्याची तारीखही त्यांच्याच सहीने येणार. “ऑडिटर सोडत नाहीत” असं व्हेंडरला फोनवर सांगायची सवय बऱ्याच ऑफिसांत असते. ती सोडा. ते खरं नाही आणि त्यातून तारीखही निघत नाही.

साहेबांकडे जाताना मात्र “कधी सोडायचं?” असा मोकळा प्रश्न घेऊन जाऊ नका, कारण “बघू, ऑडिट होऊ दे” एवढंच उत्तर मिळेल. तारीख तुम्ही स्वतः ऑडिटच्या शेवटापासून पुढे मोजत न्या आणि होकारासाठी समोर ठेवा. समजा तुमच्या ऑडिटरांचं प्रत्यक्ष काम शुक्रवारी १३ मार्चला संपतंय. त्यांच्या शंकांना स्टोअर आणि अकाउंट्सने सोमवारी १६ला उत्तरं दिली, तर १७ला होल्ड निघू शकतो. तुमचा आठवड्याचा पेमेंट रन गुरुवारी असेल, तर पुढचा गुरुवार १९ मार्चला येतो, आणि त्या दिवशी गुढीपाडवा आहे. कंपनी बंद, मंजुरी देणारे घरी. त्यानंतरचा गुरुवार २६ मार्च, म्हणजे पहिलं बिल १८ दिवस उशिरा. म्हणून साहेबांकडे सोमवार २३ मार्चचा एक खास रन मागा आणि व्हेंडरला मंगळवार २४ मार्च सांगा. १७ आणि २३ यांच्या मधले दिवस मुद्दाम मोकळे सोडले आहेत. स्टोअरकडून एखादी जीआरएनची प्रत यायला उशीर झाला, तर तो उशीर तिथेच जिरतो आणि व्हेंडरपर्यंत पोचत नाही.

२३ तारखेच्या रनलाही एक अट आहे. तुमच्याकडे सॅप असेल तर ऑटोमॅटिक पेमेंटच्या `F110` मध्ये आधी प्रपोजल तयार होतं. त्या क्षणी बिलावर पेमेंट ब्लॉक असेल तर ते बिल अपवादांच्या यादीत जातं. तासाभराने ब्लॉक काढला तरी ते त्या प्रपोजलमध्ये आपोआप येत नाही, पुन्हा प्रपोजल घेणंच सुरक्षित. दुसरी सहज लक्षात न येणारी गोष्ट अशी की ब्लॉक दोन ठिकाणी असू शकतो, बिलाच्या ओळीवर आणि व्हेंडर मास्टरवर. सगळ्या मशीनिंग व्हेंडरांचा होल्ड घाईत लावताना बहुधा मास्टरवरच लावलेला असतो. मग कुणी तरी `FBL1N` उघडून बिलावर ब्लॉक नाही असं पाहतं, निश्चिंत होतं आणि सोमवारी पैसे जात नाहीत. १७ तारखेला दोन्ही ठिकाणं स्वतः उघडून बघा. सॅप नसेल तरी प्रश्न तोच: होल्ड नेमका कुठे लावलाय आणि तो काढणारा माणूस कोण?

आता कायद्याचं बघू, कारण मेलमधली भाषा त्यावर ठरते. व्हेंडरचं उद्यम प्रमाणपत्र फाइलमधून काढा. भोसरीत सुटे भाग बनवणारा माणूस सूक्ष्म किंवा लघु वर्गात असण्याची शक्यता मोठी आहे. तसं असेल तर २००६ चा सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियम लागू होतो. त्याचं कलम १५ सांगतं की लेखी ठरलेल्या तारखेला किंवा त्याआधी पैसे द्यायचे, आणि लेखी ठरलेली मुदतही माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांच्या पुढे जाऊ शकत नाही. लेखी काहीच ठरलं नसेल तर मुदत १५ दिवसांची.

इथे अकाउंट्समध्ये हमखास एक चूक होते. “४५ दिवस आहेत ना, मग अजून वेळ आहे,” असं धरलं जातं. ४५ ही कमाल मर्यादा आहे, सर्वांना मिळालेली सवलत नाही. तुमच्या पीओत ३० दिवस लिहिले आहेत, म्हणून तुमची मुदत ३०च. पहिलं बिल ८ मार्चनंतर उशिराचं ठरतं, २३ मार्चनंतर नाही. आणि तुम्ही एकतर्फी मेल टाकून ठरलेली तारीख बदलत नाही. तुमचा मेल उशीर कळवतो, मुदत वाढवत नाही. व्हेंडरने “ठीक आहे” म्हटलं तरी कायद्याने लागणारं व्याज त्यामुळे आपोआप माफ होत नाही, कारण कलम १६ आपसातल्या कराराच्या वर आहे.

ऑडिट चालू असल्याने घड्याळ थांबतं, हाही समज खोटा. मालाबद्दल लेखी हरकत घ्यायची असेल तर ती माल मिळाल्यापासून १५ दिवसांत घ्यायची असते. ते झालं नाही तर माल स्वीकारला असंच धरलं जातं. फेब्रुवारीत आलेल्या मालाच्या जीआरएनवर ऑडिटरने मार्चमध्ये प्रश्न विचारला, तर तो तुमच्या घरातला प्रश्न आहे. व्हेंडरच्या मुदतीवर त्याचा काही परिणाम नाही.

हे आकड्यांत बघा. तुमची तीन बिलं अशी आहेत असं धरू:

बिल ४११, माल स्वीकारला ६ फेब्रुवारी, देय ८ मार्च, रु. १,८६,४४०
बिल ४२६, माल स्वीकारला १६ फेब्रुवारी, देय १८ मार्च, रु. २,१२,४००
बिल ४३८, माल स्वीकारला २४ फेब्रुवारी, देय २६ मार्च, रु. ९७,९४०

२४ मार्चला पैसे दिले तर पहिलं बिल १६ दिवस आणि दुसरं ६ दिवस उशिरा. तिसरं वेळेत, उलट दोन दिवस आधीच. व्याजाचा दर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट असतो आणि तो महिन्यागणिक चक्रवाढ होतो. बँक रेट ५.५० टक्के धरला तर दर १६.५० टक्के. पहिल्या बिलावर साधारण १,३५० रुपये, दुसऱ्यावर ५७५, मिळून १,९२५ च्या आसपास. रक्कम छोटी आहे, पण ती मागितली नाही तरी लागू असते, आणि आयकरात खर्च म्हणून वजाही मिळत नाही. ती द्यायची की नुसती पुस्तकात धरायची, हा निर्णय सीएफओंचा. तुमचं काम हिशोब समोर ठेवण्याचं.

खरा धोका मात्र ३१ मार्चचा आहे. आयकर कायद्याच्या कलम ४३बी(एच) नुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगांची मुदत उलटलेली देणी वर्षअखेरीस बाकी राहिली, तर तो खर्च त्या वर्षात मिळत नाही, ज्या वर्षी पैसे प्रत्यक्ष दिले त्याच वर्षी मिळतो. रिटर्न भरण्याच्या तारखेपर्यंत भरलं तर चालतं, ही सोय इथे नाही. तुमच्या तिन्ही बिलांची मुदत मार्चमध्येच संपते. पेमेंट २४ मार्चला गेलं तर उशीर झाला तरी खर्च याच वर्षी मिळतो. ते १ एप्रिलवर गेलं तर जीएसटी वगळून ४,२१,००० रुपयांचा खर्च या वर्षातून बाहेर पडतो आणि २५.१७ टक्के दराच्या कंपनीला या वर्षी साधारण १ लाख ६ हजार रुपये जादा कर बसतो. पुढच्या वर्षी तो वजा होतो हे खरं, पण पैसा या वर्षी जातो. साहेबांना तारखेवर सही करायला लावायची असेल तर व्याजाच्या दोन हजारांपेक्षा हा आकडा उपयोगी पडेल. (व्हेंडर निव्वळ व्यापारी असेल किंवा मध्यम वर्गातला असेल तर हा नियम लागत नाही, म्हणून उद्यम प्रमाणपत्रावरचा वर्ग आणि कामाचा प्रकार आधी वाचा.)

व्हेंडरच्या बाजूचाही एक आकडा विसरू नका. या तीन बिलांवर १८ टक्क्यांनी ७५,७८० रुपये जीएसटी आहे. ते दरमहा रिटर्न भरणारे असतील तर फेब्रुवारीचा कर त्यांना २० मार्चपर्यंत भरावा लागतो, तुमचे पैसे येवोत न येवोत. म्हणजे तुमच्या २४ तारखेच्या आधी त्यांना हा कर खिशातून भरायचा आहे. रोजच्या फोनमागे बहुधा हेच आहे. तेव्हा साहेबांकडे एक छोटी मागणी नक्की करा: निदान जीएसटीएवढी रक्कम, ७५,७८० रुपये, ऑन अकाउंट म्हणून १२ मार्चच्या गुरुवारच्या रनमध्ये सोडावी. बिलांची तपासणी त्याने अडत नाही आणि उरलेले बरोबर ४,२१,००० रुपये २४ला जातात.

मेल लिहिण्याआधी त्यांच्या खात्याचा उतारा आणि तुमचं लेजर जुळवून घ्या. रिजेक्शनची एखादी डेबिट नोट मध्ये असेल तर ती आत्ताच दिसली पाहिजे. लेखी मेलमध्ये तुम्ही रक्कम देणं लागतो असं कबूल करताय. २४ला चार हजार कमी गेले तर तारीख पाळूनही शब्द मोडल्यासारखंच होईल.

आणि मेल देय तारखेच्या आधी जाऊ दे. ८ मार्च रविवार आहे, म्हणजे शुक्रवारी ६ला, कामाच्या वेळेत. ड्यू डेट उलटल्यावर पाठवलेला तोच मजकूर सबब वाटतो. मसुदा असा ठेवा:

> विषय: बिल क्र. ४११, ४२६ व ४३८ — रु. ४,९६,७८० चे पेमेंट २४ मार्च २०२६ रोजी
>
> नमस्कार साहेब,
>
> आपल्या खालील तीन बिलांचे पेमेंट मंगळवार, २४ मार्च २०२६ रोजी आपल्या खात्यात जमा होईल.
>
> बिल ४११ — रु. १,८६,४४० — देय ८ मार्च
> बिल ४२६ — रु. २,१२,४०० — देय १८ मार्च
> बिल ४३८ — रु. ९७,९४० — देय २६ मार्च
> एकूण — रु. ४,९६,७८०
>
> आमच्याकडे इंटर्नल ऑडिट सुरू असल्याने मशीनिंगच्या सर्व व्हेंडरांची पेमेंट सध्या थांबवली आहेत. त्यामुळे पहिल्या दोन बिलांना ठरलेल्या तारखेपेक्षा उशीर होत आहे. हा उशीर आमच्या बाजूने आहे, त्याबद्दल दिलगीर आहोत. आपल्या मालाबद्दल किंवा बिलांबद्दल आमची कोणतीही हरकत नाही.
>
> ही तारीख आमच्या सीएफओंनी मंजूर केली आहे. पेमेंट आमच्याकडे आधीपासून नोंदवलेल्या आपल्या बँक खात्यातच होईल. त्यासाठी आपल्याला कोणतीही माहिती पाठवायची नाही. पेमेंट झाल्यावर त्याच दिवशी यूटीआर क्रमांक आणि बिलवार तपशील या मेलवर पाठवू.
>
> आपले लेजर व वरील रकमा जुळत नसतील तर कृपया ११ मार्चपर्यंत कळवावे.
>
> आपला,
> (नाव, पद, ऑफिसचा फोन)

१२ तारखेच्या रकमेला होकार मिळाला तर पहिल्या वाक्याखाली एवढंच जोडा: “यापैकी रु. ७५,७८० गुरुवार, १२ मार्च रोजी आणि उर्वरित रु. ४,२१,००० मंगळवार, २४ मार्च रोजी जमा होतील.” मग पहिल्या वाक्यातली तारीख आणि विषयाची ओळही त्याप्रमाणे बदला.

या मसुद्यातल्या काही शब्दांची निवड मुद्दाम आहे. “जमा होईल” लिहिलंय, “रिलीज करू” नाही. रिलीज म्हणजे तुमच्याकडून फाइल बँकेत गेली. व्हेंडरला खात्यात पैसे हवे असतात. मेकरने टाकलेला व्यवहार चेकरने दुसऱ्या दिवशी मंजूर केला, तर तुमच्या लेखी २३ला रिलीज झालं आणि त्यांच्या लेखी २४लाही काही आलं नाही. रक्कम दोन लाखांच्या वर असल्याने आरटीजीएसने पाठवा, पण २३ला चेकर ऑफिसात आहे ना, हे आठवडाभर आधी विचारून ठेवा.

“ऑडिट पूर्ण झाल्यावर”, “अंदाजे”, “प्रयत्न करू” हे शब्द तारखेच्या जवळपासही येऊ देऊ नका. “ऑडिट पूर्ण झाल्यास २४ मार्चला” असं लिहिलं की तारीख उरतच नाही, कारण ऑडिट कधी संपणार हे व्हेंडरला दिसत नाही. व्हेंडर हा मेल त्यांच्या बँकेत कॅश क्रेडिटच्या अधिकाऱ्याला दाखवू शकतात. त्या टेबलावर बिल नंबर, रक्कम आणि एकच तारीख याला किंमत असते.

हरकत नाही हे वाक्य खरं असेल तरच ठेवा. ऑडिटमध्ये एखाद्या जीआरएनची संख्या बिलाशी जुळत नसेल, तर ते बिल या मेलमधून वेगळं काढा आणि त्याबद्दल स्टोअर व परचेसकडून स्वतंत्र लेखी विचारणा जाऊ दे. उरलेली दोन बिलं त्याच्यामागे अडकवू नका. आणि ऑडिटमध्ये काय तपासलं जातंय, कोणाची चौकशी आहे, याचा एक शब्दही बाहेर लिहू नका. “इंटर्नल ऑडिट” एवढं कारण पुरेसं आहे. त्यापुढचं प्रत्येक वाक्य भोसरीत चहाच्या टपरीपर्यंत जातं.

व्याजाबद्दल मसुद्यात काही नाही, तेही मुद्दाम. “कोणतेही व्याज देय राहणार नाही” असं वाक्य कुणी घालायला सांगितलं तर नम्रपणे नाही म्हणा. कायद्यापुढे ते टिकत नाही, आणि उद्या प्रकरण सूक्ष्म-लघु उद्योगांच्या थकबाकीचे वाद ऐकणाऱ्या सुविधा परिषदेकडे गेलं तर तुमचाच मेल तुमच्या विरुद्ध ठेवला जाईल. साहेबांनी व्याज द्यायचं ठरवलं, तर मात्र रक्कम टाकून स्पष्ट लिहा.

बँक खात्याची ओळ कितीही अनावश्यक वाटली तरी काढू नका. “ऑडिट चालू आहे, नेहमीचं खातं बंद आहे, या नव्या खात्यात पाठवा” हा फसवणुकीचा नेहमीचा साचा आहे. भामटे पेमेंट लांबल्याच्या मेलची वाट बघत असतात, कारण त्या दिवसांत घाई आणि गोंधळ दोन्ही असतात. तुमच्या मेलनंतर आठवड्याभरात व्हेंडरच्या नावाने खातं बदलल्याचा मेल आला, तर पाठवणाऱ्याचा पत्ता अक्षर अक्षर वाचा, आणि व्हेंडर मास्टरमध्ये आधीपासून असलेल्या नंबरवर फोन करून विचारा. मेलमध्ये दिलेल्या नंबरवर फोन करू नका, तो भामट्याचाच असतो.

मेलची प्रत सीएफओंना आणि परचेस हेडना ठेवा. व्हेंडरचा फोन अकाउंट्सला लागला नाही की तो परचेसला जातो, आणि परचेसवाले चांगुलपणाने “शुक्रवारपर्यंत होईल” म्हणून मोकळे होतात. मग व्हेंडरकडे दोन तारखा होतात आणि ते जवळची धरतात. ६ तारखेलाच परचेसच्या टेबलाशी जाऊन सांगून या: कुणी विचारलं तर एकच उत्तर, २४ मार्च.

इतकं करूनही गाडी घसरू शकते. १७ तारखेला होल्ड निघाला नाही तर त्याच दिवशी सीएफओंना लेखी कळवा, सोबत ३१ मार्चचा करांचा आकडा पुन्हा द्या. २०ला दुपारपर्यंत खास रनची मंजुरी हातात नसेल तर व्हेंडरला २०लाच सांगा, २४ची संध्याकाळ होऊ देऊ नका. नवीन तारीख एकदाच द्या, गुरुवार २६ मार्च, त्या आठवड्याच्या नेहमीच्या रनची. त्यापुढे ३१ मार्चपर्यंत हातात फारसं काही उरत नाही. ही दुसरी तारीख मेलने कळवण्याआधी फोनवर साहेबांचा किंवा तुमचा आवाज गेला पाहिजे.

२३ला पैसे गेले की संध्याकाळीच त्याच मेलवर उत्तर द्या: यूटीआर क्रमांक, तीन बिलांचे नंबर आणि प्रत्येकाची रक्कम. नुसतं “पेमेंट झालं” लिहिलं तर भोसरीतला त्यांचा अकाउंटंट ४,९६,७८० रुपये कोणत्या बिलाला टाकायचे म्हणून एप्रिलमध्ये पुन्हा तुम्हालाच फोन करील.